दोन पात्रांचं प्रहसन : 'सरळ' आणि 'वाकडा' यांचे संवाद कसे लिहायचे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चतुर्थी जवळ आली की गावोगावच्या मंडळांतून फोन यायला लागतात आणि जत्रांच्या दिवसांत पुन्हा तेच. मोठं नाटक बसवायला माणसं नाहीत, दोनच मुलं तयार आहेत, दहा मिनिटांचं काहीतरी हसवणारं हवं. मग संहिता पाठवतात आणि विचारतात, हशा का येत नाही? तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. सगळीकडे उदाहरण एकच वापरलं आहे, माडांच्या बागेचा मालक भाटकार आणि माडावर चढून नारळ पाडणारा पाडेली यांचं. ते प्रश्न ३ मध्ये पूर्ण दिलं आहे, ते आधी वाचलंत तरी चालेल.

१. 'सरळ' आणि 'वाकडा' म्हणजे नेमकं काय?

हे आमच्या तालमीतले शब्द. दोघांपैकी एकाला जग तुमच्या-आमच्यासारखं दिसतं, तो सरळ. दुसऱ्याला ते जरा तिरकं दिसतं आणि त्याला त्यात काहीच चुकीचं वाटत नाही, तो वाकडा. प्रेक्षक हसतात वाकड्याच्या वाक्याला, पण वाकडेपणा किती हे कळतं सरळ बाजूला उभा असतो म्हणून. भिंत तिरकी आहे हे ओळंबा लावल्याशिवाय दिसत नाही, तसं.

एक गैरसमज फार आहे. सरळ म्हणजे हुशार आणि वाकडा म्हणजे मूर्ख, असं नाही. भाटकार-पाडेलीत पाडेलीच जास्त हुशार आहे.

२. तमाशातली बतावणी म्हणजे हेच का?

बराचसा तोच प्रकार. बतावणीत सरदार प्रश्न विचारतो, दरडावतो, आणि सोंगाड्या प्रत्येक शब्द उलटा पकडतो. जपानमध्ये 'मानझाई' नावाचा असाच दोघांचा खेळ आहे. त्यात वाकड्याला 'बोके' आणि त्याची चूक पकडणाऱ्या सरळला 'त्सुक्कोमी' म्हणतात. फरक एवढाच की बतावणीत कथानक सैल असलं तरी खपतं, कारण पुढे वग यायचा असतो. तुमच्या दहा मिनिटांनंतर पुढे काही नाही, तेव्हा त्याला स्वतःचा शेवट लागतो (प्रश्न १०).

३. लिहायला सुरुवात कुठून करायची? माझ्याकडे विनोद भरपूर आहेत, पण प्रहसन होत नाही.

विनोद बाजूला ठेवा आणि एक वाक्य लिहा : सरळ माणसाला काय हवंय आणि ते आजच का हवंय? वाकड्याचा विचार अजून करूच नका.

आमच्या उदाहरणात भाटकाराला नारळ हवेत, कारण परवा चतुर्थी आहे. गोव्यात पाडेली मिळणं किती कठीण झालंय हे प्रेक्षकांतल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे, त्यामुळे भाटकाराची अडचण समजावून सांगावी लागत नाही. आता वाकड्याला एकच नियम द्या, जो त्याला पूर्ण न्याय्य वाटतो. आमच्या पाडेलीचा नियम असा : चढणं हे काम वेगळं आणि उतरणं हे काम वेगळं.

पहिल्या खर्ड्यात मी हे असं लिहिलं होतं :

भाटकार : काय रे, नारळ पाडणार का?
पाडेली : पाडीन की! चढायचे शंभर, उतरायचे दोनशे!
भाटकार : उतरायचे दोनशे? काय पण गमतीदार माणूस आहेस तू!

वाचताना ओठ हलतात, पण रंगमंचावर हे मरतं. भाटकार अजून अडकलेलाच नाही. तो म्हणेल, नको जा, दुसरा बघतो. शिवाय 'गमतीदार माणूस आहेस' म्हणून त्याने प्रेक्षकांचं काम स्वतःच केलं. दुसरा खर्डा :

भाटकार : पाच माड. परवा चतुर्थी. किती घेशील?
पाडेली : माडामागे शंभर.
भाटकार : पाचशे. ठरलं. चढ.
(पाडेली स्टुलावर चढतो. तीन नारळ पाडतो. वर बसतो.)
भाटकार : ये आता खाली. पुढचा माड.
पाडेली : खाली यायचे दोनशे.
भाटकार : पाचशे ठरले ना?
पाडेली : ते चढायचे.
भाटकार : आणि उतरायचे?
पाडेली : तुम्ही 'चढ' म्हणालात. 'उतर' कुठे म्हणालात?
भाटकार : अरे, चढलेला माणूस उतरतोच!
पाडेली : उतरतो. पण मला घाई नाही. घाई तुम्हाला. परवा चतुर्थी.

विनोद तोच आहे. बदललं ते एवढंच की दर सांगायच्या आधी पाडेली माडावर पोचलाय. आता भाटकार निघून जाऊ शकत नाही, कारण उरलेले चार माड आणि हा एक माणूस दोन्ही त्याचेच आहेत.

४. माझ्या सरळ पात्राच्या वाट्याला नुसतं 'काय?', 'म्हणजे?', 'अरे देवा!' एवढंच येतं. त्याला वाक्यं कुठून आणू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक संहितांचं दुखणंही हेच. 'म्हणजे?' या शब्दातून वाकड्याला काहीच मिळत नाही. तो आपलं आधीचंच वाक्य पुन्हा समजावून सांगतो आणि प्रवेश जागीच फिरतो.

वरच्या बारा ओळी पुन्हा पाहा. पाडेलीचं शेवटचं वाक्य ज्या दोन शब्दांवर उभं आहे ते 'परवा चतुर्थी' भाटकाराने पहिल्याच ओळीत दिले आहेत. 'चढ' हा शब्दही त्यानेच दिला. म्हणजे वाकडा स्वतःच्या खिशातून काही काढत नाही, सरळने दिलेलंच त्याला परत करतो. म्हणून मी उलटीकडून लिहितो. आधी वाकड्याचा पंच लिहायचा, मग त्यातला कोणता शब्द सरळच्या तोंडून आधी येऊ शकतो ते शोधायचं, आणि तो शब्द तीन-चार ओळी किंवा पानभर वर, अगदी साध्या कामाच्या बोलण्यात ठेवून द्यायचा. ठेवताना तो चमकता कामा नये. 'परवा चतुर्थी' हे भाटकार घाईत सांगतो, व्यवहाराचा भाग म्हणून.

दुसरी गोष्ट, सरळने प्रत्येक वेळी नवा प्रयत्न केला पाहिजे. आमचा भाटकार आधी व्यवहाराची आठवण देतो (पाचशे ठरले ना?), मग हिशेब विचारतो (आणि उतरायचे?), मग तर्क लढवतो (चढलेला माणूस उतरतोच!). पुढच्या पानावर तो धमकी देतो, मग विनवणी करतो, मग बायकोला हाक मारतो. तो पुढे सरकतो म्हणून वाकड्यालाही पुढे सरकावं लागतं. एक कसोटी सांगतो. वाकड्याची सगळी वाक्यं हाताने झाका आणि फक्त सरळची वाक्यं वाचा. अडचणीत सापडलेल्या माणसाची गोष्ट कळली तर संहिता उभी आहे. नुसती उद्गारचिन्हं दिसली तर परत लिहायला बसा.

५. वाकडा किती वेडा असावा?

एका नियमाइतका. पाडेलीला चढणं-उतरणं वेगळं वाटतं, बस्स. बाकी सगळ्या बाबतीत तो शहाणा आहे, त्याला पैसे मोजता येतात, चतुर्थी कधी आहे हे ठाऊक आहे. त्यालाच तोतरा केलात, विसराळू केलात, वर दारूही पाजलीत, तर प्रेक्षकांना पुढचं वाक्य कुठून येईल याचा अंदाजच बांधता येत नाही. आणि अंदाज बांधला नाही तर तो चुकण्याची मजाही नाही.

नियम एकच ठेवून त्याचा पल्ला वाढवा. खाली यायचे पैसे, मग नारळ खाली यायचे पैसे ('तो पडला, मी पाडला नाही' किंवा उलट), मग खालून वर बोलायचे आणि वरून खाली उत्तर द्यायचे. तिथे थांबा. आम्ही पाचवी पायरीही लिहिली होती, सावलीचे पैसे. तालमीत सगळे हसले, पण प्रयोगात कुणीही हसलं नाही, कारण सावलीचा चढण्या-उतरण्याशी संबंध नव्हता. ती आम्हाला सुचली म्हणून आवडली होती.

६. दोघांतला चांगला नट कुठल्या भूमिकेत घालू?

सरळ. मंडळात हे सांगितलं की भांडण होतं, कारण हशा वाकड्याच्या नावावर जमा होतो. पण वाकड्याचं वाक्य थोडं इकडेतिकडे झालं तरी चालून जातं, सरळचं चालत नाही. अमेरिकेत ॲबट आणि कॉस्टेलो या जोडीत सुरुवातीला मिळकतीचे ६० टक्के ॲबट घेत असे, आणि तो सरळ होता. त्या काळी तिथल्या व्हॉडेव्हिल रंगमंचावर चांगला सरळ मिळणं अवघड मानलं जाई. पुढे सिनेमात नाव झाल्यावर कॉस्टेलोने वाटणी बदलून घेतली, तो भाग वेगळा.

७. तालमीत सगळे लोळून हसायचे, प्रयोगात शांतता. चूक कुणाची?

पंच म्हणणाऱ्याकडे बघू नका, चार ओळी मागे जा.

पाडेलीचा आमचा पहिला प्रयोग फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या मंडपात होता. 'घाई तुम्हाला. परवा चतुर्थी' या वाक्याला काहीच झालं नाही. पुढच्या रांगेतली मुलंसुद्धा गप्प. पाडेली झालेला मुलगा आत येऊन रडकुंडीला आला, टायमिंग चुकलं म्हणाला. मी विंगेत संहिता घेऊन उभा होतो म्हणून मला कळलं. भाटकाराने पहिली ओळ 'पाच माड आहेत, किती घेशील?' अशी म्हटली होती. 'परवा चतुर्थी' खाल्लं. प्रेक्षकांनी ते शब्द आधी ऐकलेच नव्हते, त्यामुळे पाडेलीने परत केले तेव्हा ते परत केल्यासारखे वाटलेच नाहीत. एक साधी माहिती म्हणून ऐकली गेली.

तेव्हापासून संहितेत अशा शब्दांखाली मी लाल रेघ मारतो. पंचाखाली मारत नाही, तो नट विसरत नाही. लाल रेघेचं वाक्य खाल्लं गेलं तर पुढे कुठे परत घालायचं हेही तालमीतच ठरवून ठेवतो. भाटकार 'पाचशे ठरले ना?' म्हणतो तिथे 'परवा चतुर्थी आहे रे' सहज बसतं.

शब्द खाल्ला नसेल तर दुसरी शक्यता अशी की सरळ हसला. ओठाचा कोपरा वर गेला तरी पुरे. भाटकाराला गंमत वाटते आहे हे दिसलं की त्याची अडचण खोटी ठरते.

८. हशा चालू असताना पुढचं वाक्य बुडतं. किती थांबायचं?

सेकंद मोजून सांगता येत नाही. हशा चढतो, टोकाला जातो आणि उतरायला लागतो, त्या उतरणीवर सरळने बोलायचं. पूर्ण शांत होऊ दिलंत तर गाडी पुन्हा ढकलून सुरू करावी लागते. ही वेळ सरळच्या हातात असते, म्हणूनही प्रश्न ६ चं उत्तर तसं आहे.

लिहिणाऱ्याने एवढं करावं : मोठ्या पंचाच्या लगेच पुढच्या ओळीत महत्त्वाचं काही ठेवू नये. तिथे सरळला 'हे बघ', 'ऐक', 'बरं, बरं' असे बुडाले तरी चालतील असे दोन शब्द द्यावेत आणि कामाचं त्यानंतर. 'म्हणजे?' या शब्दाचा खरा उपयोग इथेच आहे. मंडप उघडा आणि लांब असेल तर मागच्या लोकांचा हशा उशिरा पोचतो, तिथे हे दोन शब्द चार करा.

९. भाटकार मराठीत आणि पाडेली कोंकणीत बोलला तर? आपोआप हशा येतो.

येतो, आणि म्हणूनच मी टाळतो. तो हशा भाषेचा असतो, वाक्याचा नसतो, आणि दोन-तीन मिनिटांत सरतो. मग नट आवाज चढवतो. त्याहून मोठी अडचण अशी की समोरचे बहुतेक लोक घरी कोंकणीच बोलतात आणि वाचतात-बघतात मराठी. शहाण्याची भाषा मराठी आणि वेंधळ्याची कोंकणी असं वाटलं की मंडपात कुठेतरी खट्टू होतं, आणि ते बरोबरच आहे.

दशावतारातला संकासुर मालवणीत बोलून हसवतो, मग आम्ही का नाही, असं पेडण्याहून एकाने विचारलं होतं. संकासुर इतरांवर कुरघोडी करतो म्हणून ते चालतं. तसं करायचं असेल तर पाडेलीची कोंकणी धारदार ठेवा आणि गडबडायला भाटकाराला लावा. घाबरल्यावर भाटकाराची पुस्तकी मराठी सुटून तोंडातून कोंकणीच बाहेर पडली, तर तो हशा मात्र घ्या. तो पात्रातून आलेला आहे.

१०. शेवट जमत नाही. दोघं भांडत राहतात आणि पडदा पाडावा लागतो.

शेवटी सरळने वाकड्याचा नियम मान्य करायचा, आणि मान्य केल्यामुळेच आणखी खोल अडकायचं. आमचा शेवट :

भाटकार : नको उतरू! राहा वरच!
पाडेली : राहू?
भाटकार : राहा! चतुर्थी काढ, दिवाळी काढ!
पाडेली : तुमच्या परवानगीने?
भाटकार : माझ्या परवानगीने!
पाडेली : (प्रेक्षकांना) ऐकलंत ना सगळ्यांनी? मुंडकार झालो.
भाटकार : (गप्प. मग खिशात हात घालत) दोनशे म्हणालास ना?

मुंडकार संरक्षण कायदा १९७५ चा. भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा तो मुंडकार आणि त्याला सहज हुसकता येत नाही, हे गोव्यात शाळकरी पोरालाही माहीत असतं. माडाच्या शेंड्याला घर म्हणता येत नाही हे कुणीतरी वकिली करून सांगतोच, पण भाटकार घाबरतो त्या क्षणी एवढा विचार करत नाही. 'परवानगीने?' असा साधा प्रश्न विचारून भाटकाराच्या तोंडूनही तोच शब्द वदवून घेतलाय तो त्यासाठी. आणि शेवटची ओळ सरळला दिली आहे, कारण हार त्याची आहे. 'मुंडकार झालो' वर पडदा पाडला तर एक हशा मिळतो, भाटकाराने खिशात हात घातल्यावर दुसरा मिळतो आणि तो मोठा असतो.

हा शेवट दोडामार्ग ओलांडला की चालत नाही. सिंधुदुर्गात एका ठिकाणी प्रयोग केला तेव्हा 'मुंडकार' म्हणजे काय हे लोक एकमेकांना विचारत राहिले. बाहेर नेणार असाल तर सुरुवातीलाच भाटकाराच्या तोंडी 'एक मुंडकार बसलाय तो उठत नाही, तू तरी लवकर आटप' असं काही घाला. ठेवायची रीत प्रश्न ४ मधलीच.

११. मधेच भूमिका उलटवल्या तर? सरळ वाकडा झाला, वाकडा सरळ?

एकदाच, आणि शेवटाच्या जवळ. आम्ही असाही एक शेवट करून पाहिला होता : भाटकार म्हणतो, 'माड माझा. वर बसायचं भाडं तासाला तीनशे, पहिला तास सुरू झाला', आणि पाडेली धडपडत उतरतो. टाळी पडते. पण मग जिंकतो भाटकार, आणि आमच्या गावात लोकांना पाडेली जिंकलेला जास्त आवडतो. तुमच्या गावाचं तुम्ही ठरवा. दोन-तीनदा उलटापालट केलीत तर ओळंबाच हलतो (प्रश्न १).

१२. दोघेही वाकडे असतील तर?

मग तिसरा सरळ लागतो, रंगमंचावर नाहीतर प्रेक्षकांत. दोन वाकड्यांचं चांगलं प्रहसन मी पाहिलंय, पण त्यात दर वेळी एक जण थोडा कमी वाकडा होता आणि त्या क्षणापुरतं सरळचं काम तोच करत होता. नवख्याने या वाटेला जाऊ नये.

१३. आमचा वाकडा ऐन प्रयोगात ॲडिशन घेतो. हशा मिळतो, पण सरळ बिचारा गोंधळतो.

ॲडिशन बंद करता येत नाहीत, तिला जागा आखून देता येते. मोठ्या हशानंतर आणि लाल रेघेच्या वाक्याआधी कधीच नाही. पाडेली माडावर बसून नारळ पाडतो तिथे आम्ही मोकळी जागा ठेवली आहे, तिथे तो गावच्या सरपंचापासून मासळीच्या भावापर्यंत काहीही बोलतो. परत संहितेवर यायची खूण मात्र सरळच्या हातात : भाटकार 'ये आता खाली' म्हणाला की ॲडिशन संपली. ते वाक्य ऐकूनही पाडेली थांबला नाही, तर पुढच्या प्रयोगात त्याला भाटकार करा. एका प्रयोगात कळतं त्याला.

१४. दहा मिनिटांसाठी किती पानं लिहू?

पानं मोजू नका. दोघांना उभं करून मोठ्याने वाचायला लावा, घड्याळ लावा, आणि वाचन सात-साडेसात मिनिटांत संपलं तर थांबा. उरलेला वेळ हशा, स्टुलावर चढणं आणि माइक कुरकुरणं यात जातो.